दुप्पट लावण्याचा हिशेब

भाऊ, कापसाचा चुकारा हाती येताच मटक्याच्या एका आकड्यावर रोज दुप्पट लावायचे तू ठरवले आहेस, म्हणून आधी हा हिशेब पाहा. दहा आकड्यांपैकी एकच लागतो आणि 10 रुपयांचे 90 मिळतात. म्हणजे दर 10 रुपयांमागे सरासरी 9 परत येतात व 1 रुपया खायवाल्याकडे राहतो. 10 पासून दुप्पट करत गेल्यास सहा डावांत 630 रुपये जातात, आणि सहाही डाव चुकण्याची शक्यता सुमारे 53 टक्के आहे, हे मला फार उशिरा कळले. सातव्या डावाला 640 लागतात. रक्कम कशीही वाढवली-घटवली तरी प्रत्येक डावाचा सरासरी तोटा लावलेल्या रकमेचा दहावा भागच राहतो, त्यामुळे दुप्पट करण्याने फक्त तोट्याचा आकार वाढतो.