थकलेल्या उधारीची नोटीस

चि.स अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेला नोटिशीचा मसुदा रात्री वाचला. पहिलीच ओळ ‘आमच्या अशिलाच्या सूचनेवरून’ अशी आहे आणि खाली सही तुझी. अशील कोण, वकील कोण? नेटवरून उचललेला साचा असा लगेच ओळखू येतो. थकबाकीची नोटीस तू स्वतःच्या सहीने, वर्कशॉपच्या लेटरहेडवर देऊ शकतोस, त्यात बेकायदा काही नाही. पण मग ‘मी’ किंवा ‘आमची फर्म’ असं लिही. वकिलाचा आव आणू नकोस.

आणखी एक. समोरच्याने तुझी चार स्मरणपत्रं आणि वीसेक फोन पचवलेत. पाचव्या कागदाने तो घाबरेल या आशेवर लिहू नकोस. हा कागद उद्या फाइलमधून काढून एक तिसरा माणूस वाचणार आहे, न्यायाधीश किंवा लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा सदस्य. त्याला तू माहीत नाहीस, गिऱ्हाईकही माहीत नाही. त्याला पाच मिनिटांत हिशोब कळला पाहिजे.

म्हणून हिशोबापासूनच सुरू करू. तू ७,६७,००० रुपये मागितलेस. तुझा खातेउतारा मी बघितला. रॅकची तीन बिलं, जीएसटी धरून: १२ मार्च २०२४ चं २,३६,०००, ९ एप्रिलचं ३,५४,००० आणि ३ मेचं १,७७,०००. बेरीज बरोबर आहे. पण २० ऑगस्टला दीड लाख आरटीजीएसने आले, ते कुठे गेले? आणि दुसऱ्या लॉटमधले वाकलेले खांब परत आले तेव्हा तूच ११,८०० ची क्रेडिट नोट दिलीस, ती? दोन्ही वजा केल्यावर खरी बाकी ६,०५,२००. गिऱ्हाइकाने ते दीड लाख कुठल्या बिलापोटी दिले हे सांगितलं नसेल, तर सगळ्यांत जुन्या बिलात जिरव. म्हणजे पहिल्या बिलाचे ८६,०००, दुसऱ्याचे क्रेडिट नोट वजा जाऊन ३,४२,२०० आणि तिसऱ्याचे पूर्ण १,७७,००० राहतात. हा तक्ता नोटिशीतच घाल आणि प्रत्येक बिलापुढे पीओ नंबर, चलन नंबर व माल मिळाल्याची तारीख लिही.

हे मी ठेच खाऊन शिकलो. वकिली सुरू केली त्या काळात एका दुकानदारासाठी नोटीस दिली आणि आलेली एक रक्कम वजा करायची राहिली. दोन पानी उत्तर आलं आणि ती दोन्ही पानं त्या एका रकमेवरच होती. खरी बाकी त्यांनी नाकारलीही नाही, कारण तिच्याविषयी बोलायची त्यांना गरजच उरली नव्हती.

आता नोटीस कुणाच्या नावाने काढायची? तू दुकानाच्या पाटीवरचं नाव घातलंस आणि ‘मा. पर्चेस मॅनेजर’ असं संबोधलंस. मॅनेजर तुझा देणेकरी नाही. बिलावर त्यांचा जीएसटी नंबर आहे, तो जीएसटीच्या साइटवर टाक. `Legal Name of Business` आणि `Constitution of Business` असे दोन रकाने दिसतील. मालक एकटा असेल तर त्याच्या नावाने, भागीदारी असेल तर फर्म आणि माहीत असलेल्या भागीदारांच्या नावाने, कंपनी असेल तर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर नोटीस काढ.

व्याजाबद्दल तुझ्या मसुद्यात एक शब्द नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत महाग चूक हीच. करारात व्याज ठरलेलं नसलं तरी १९७८ च्या व्याज कायद्याखाली, लेखी मागणीत व्याजाचा दावा आहे असं स्पष्ट लिहिलं, तर त्या मागणीच्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकतं. ते वाक्य नसेल तर ही तारीख हातची जाते. त्यातून तू रॅक स्वतः बनवतोस, व्यापारी नाहीस. लघुउद्योग म्हणून केलेली तुझी उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार आहे. त्यात पैसे द्यायची मुदत ठरल्याप्रमाणे, पण ४५ दिवसांहून जास्त नाही, आणि ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. नोंदणी माल दिल्यानंतरची असेल तर यावर भिस्त ठेवू नकोस. ते प्रमाणपत्र काढून तारीख आधी बघ.

मग शेवटचा परिच्छेद साधारण असा येईल:

‘सबब, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत रु. ६,०५,२०० व त्यावर मुदत संपल्याच्या तारखेपासून कायद्याप्रमाणे होणारे व्याज खालील बँक खात्यात भरावे. अन्यथा वसुलीसाठी योग्य त्या ठिकाणी कायदेशीर कार्यवाही केली जाईल व तिच्या खर्चाची जबाबदारी आपणावर राहील. आमचे इतर सर्व हक्क अबाधित ठेवून ही नोटीस दिली आहे.’

यापुढे काही नको. ‘सात दिवसांत पोलीस कम्प्लेंट करू’ हे वाक्य काढून टाक. उधारी थकणं हा मुळात दिवाणी मामला आहे, आणि पोलिसांचा धाक घालून पैसे मागितल्याचा कागद तूच त्यांच्या हातात देशील. असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस टाकायचा विचारही सोड, अब्रूनुकसानीचं वेगळंच लचांड मागे लागेल.

नोटीस स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशी पाठव आणि तीच पीडीएफ त्यांच्या ईमेलवर टाक. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आलं तर उत्सुकतेपोटी फोडू नकोस. पत्ता बरोबर असेल तर नकार म्हणजे नोटीस बजावली, असंच कोर्ट सहसा धरतं. ते पाकीट आहे तसं, बंद, फाइलमध्ये राहू दे.

मुदतीचं तेवढं डोक्यात पक्कं ठेव. नोटीस दिल्याने दाव्याची मुदत एक दिवसही वाढत नाही. पीओवर ३० दिवसांची उधारी आहे, म्हणजे पहिल्या बिलाचे पैसे ११ एप्रिल २०२४ ला यायला हवे होते. तिथून तीन वर्षं धर, म्हणजे एप्रिल २०२७. ऑगस्टच्या दीड लाखामुळे मुदत नव्याने सुरू झाली असं म्हणता येईल, पण त्यासाठी देणाऱ्याच्या सहीचा किंवा हस्ताक्षराचा कागद लागतो आणि आरटीजीएसच्या नोंदीवर वाद होतो. गिऱ्हाइकाच्या ‘दिवाळीनंतर बघू’ या मेसेजात तर बाकी कबूलच केलेली नाही. तेव्हा एप्रिलचीच तारीख धरून चाल.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर उद्यमची तारीख बघून कौन्सिलकडे अर्ज करायचा की कोर्टात जायचं ते ठरवू. कोर्टात गेलो तर रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर, दाव्याआधी मध्यस्थीतून जावं लागेल. तो वेळही हिशोबात धर.

उद्या संध्याकाळपर्यंत तिन्ही चलनांचे फोटो पाठव. सही-शिक्क्याची बाजू नीट दिसली पाहिजे. मेच्या चलनावर शिक्का आहे, पण सही दिसत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याकडे त्याची दुसरी प्रत असेल, ती आधी मिळव.

तुझा,
काका