‘हमखास’ काढल्यावर पत्रकात उरतं काय?

प्रश्न: दातांच्या दवाखान्याचं पत्रक नव्याने लिहितोय. ‘हमखास’, ‘वेदनारहित’, ‘वेळीच आला नाहीत तर’ असले शब्द नकोत. पण ते काढले तर लिहायचं काय, आणि लोक येतील का?

उत्तर:

ते शब्द मी छापलेत. नुसते छापले नाहीत, जुळवलेतही. सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझा छापखाना आहे आणि निम्म्या डॉक्टरांची हँडबिलं आमच्याकडेच होतात. डॉक्टर नाव, डिग्री आणि फोन नंबर देतात, मधला मजकूर ‘तुम्हीच टाका काहीतरी’ म्हणतात. ते ‘काहीतरी’ वीस वर्षं मी टाकत आलोय.

दातांचं मला फारसं कळत नाही. डोळ्यांचं सांगतो, कारण तिथे हात पोळलेत.

२०१६ च्या दिवाळीत एका डोळ्यांच्या दवाखान्याचं हँडबिल केलं. आमच्याकडे मोतीबिंदू थंडीतच काढायचा अशी लोकांची समजूत, त्यामुळे दिवाळी झाली की डोळेवाल्यांचा सीझन. (आताच्या ऑपरेशनला ऋतू पाहावा लागत नाही, पण हे हँडबिलावर कुणी लिहीत नाही, कारण सीझन सगळ्यांनाच हवा असतो.) मजकूर मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून लिहिला. तो तेव्हा पुण्यात जाहिरातीचं काम करायचा. वर लाल पट्टीत ‘आज दुर्लक्ष, उद्या अंधार!’ त्याखाली ‘लेझरद्वारे विनाटाका, विनावेदना मोतीबिंदू शस्त्रक्रिया. १००% यशस्वी. चष्म्यापासून कायमची मुक्ती.’ पाच हजार प्रती पेपरात घालून वाटल्या. डॉक्टर खूश, आम्ही खूश.

त्यातली एक प्रत माझ्या आत्याच्या हातात पडली. ती शेजारच्या गावात राहते, पंधरा वर्षांची शुगर. ‘उद्या अंधार’ वाचून घाबरली आणि कुणाला न विचारता बोरमाळ मोडून ऑपरेशन करून आली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, डॉक्टरांचा हात चांगला आहे. पण शुगरने आतला पडदा आधीच खराब झाला होता. दिसायला थोडा उजेड वाढला, पोथीची अक्षरं काही आली नाहीत. महिन्याने भेटायला गेलो तर तिने उशीखालून ते हँडबिल काढलं, चार घड्या घातलेलं, आणि खालच्या बारीक ओळीतलं आमच्या छापखान्याचं नाव बोटाने दाखवलं. ‘हे तूच छापलंस ना रं?’

डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी संमतीपत्र पुढे ठेवलं. पडदा किंवा नस खराब असेल तर अपेक्षित नजर येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं, खाली आत्याची सही. ते संमतीपत्रही माझंच काम. आठ पॉइंटात. आणि ‘१००%’ छत्तीस पॉइंटात. खरी गोष्ट आणि खोटी गोष्ट एकाच मशीनवरून गेली होती.

मेहुण्याचं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे: ‘दाजी, भ्यायल्याशिवाय म्हातारी माणसं उठत नाहीत. आपण त्यांच्या भल्यासाठीच घाबरवतो.’ यावर आमची लग्नाकार्यात सुद्धा भांडणं झालीत. माझं उत्तर त्याला आजवर नीट देता आलं नव्हतं, ते इथे देतो.

तीन वर्षांनी तेच डॉक्टर नवीन हँडबिल करायला आले. मी म्हटलं, मजकूर तुम्ही सांगा, मी प्रश्न विचारतो. दोन संध्याकाळी बसलो. पहिला प्रश्न ‘लेझर’चा. तर मोतीबिंदू काढायच्या नेहमीच्या फेको ऑपरेशनमध्ये लेझर नसतोच. अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद घेतात, अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडतात आणि ओढून घेतात. लेझर वापरायची महागडी पद्धत वेगळी आहे, पण ती यांच्याकडे नव्हती. ‘मग लेझर का लिहायचं?’ तर लोक तोच शब्द विचारत येतात म्हणून. काढला.

मग ‘विनावेदना’. मी विचारलं, आत पडलेल्या माणसाला नेमकं काय जाणवतं? त्यांनी सांगितलं आणि मी तसंच उतरवून घेतलं: ‘डोळ्यात थेंब टाकून किंवा डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन भूल देतात. पेशंट जागा असतो. दाब, पाण्याचा स्पर्श आणि प्रकाश जाणवू शकतो. बहुतेकदा टाका लागत नाही. त्याच दिवशी घरी जाता येते.’ हे पाच वाक्यांचं झालं, एका शब्दाच्या जागी. पण ‘विनावेदना’ वाचून आलेला माणूस टेबलावर दाब जाणवला की दचकतो आणि डोकं हलवतो, हे डॉक्टरच मला म्हणाले. मजकूर बदलल्याचा फायदा पहिल्यांदा त्यांना तिथे पटला.

‘चष्म्यापासून मुक्ती’च्या जागी: ‘साधी लेन्स बसवल्यास लांबचे दिसते, वाचायला बहुधा चष्मा लागतो. इतर लेन्सही मिळतात. त्यांचे फायदे, अडचणी आणि दर तपासणीच्या वेळी सांगितले जातील.’ इथे मी दर छापायचा आग्रह धरला. ते आधी नको म्हणाले, मग साध्या लेन्सचा दर टाकला.

‘१००% यशस्वी’वर सर्वात जास्त वेळ गेला. डॉक्टर म्हणाले, ‘अहो, माझी ऑपरेशनं खरंच चांगली होतात.’ होत असतीलही. पण ‘यशस्वी’ म्हणजे त्यांच्या लेखी लेन्स नीट बसली, आणि आत्याच्या लेखी पोथी वाचता आली. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि पैसे दुसऱ्या अर्थावर निघतात. शेवटी असं लिहिलं: ‘ऑपरेशननंतर नजर किती सुधारेल हे डोळ्याच्या पडद्यावर आणि नसेवर अवलंबून असते. मधुमेह किंवा काचबिंदू असल्यास सुधारणा कमी होऊ शकते. ऑपरेशनआधी पडदा तपासून तुम्हाला अंदाज सांगू.’ अंदाज, खात्री नव्हे. मोतीबिंदू फार दाट असेल तर पडदा दिसतच नाही, मग डोळ्याची सोनोग्राफी करतात, आणि तीसुद्धा नजर किती येईल ते पक्कं सांगत नाही. संमतीपत्रातलं आठ पॉइंटातलं वाक्य मी उचलून बाहेर आणलं, एवढंच.

आता मेहुण्याचा मुद्दा. भीतीचं सगळंच खोटं नसतं. मोतीबिंदू फार पिकू दिला तर ऑपरेशन अवघड होतं, क्वचित डोळ्यातला दाब वाढतो, हे खरं आहे. पण बहुतेकांचा मोतीबिंदू महिन्या-वर्षांनी सावकाश वाढतो, आणि नजर जाते ती ऑपरेशनने परत येण्यासारखी असते. म्हणजे ‘उद्या अंधार’ हे चुकीच्या आजाराला लावलेलं भय. म्हणून लिहिलं: ‘मोतीबिंदू सावकाश वाढतो. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की ऑपरेशनचा विचार करा. पिकायची वाट पाहू नका, पण घाईही करू नका. घरच्यांशी बोला, शुगर तपासून घ्या.’

घाई करण्यासारख्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्या जुन्या हँडबिलात नव्हत्याच. त्या आम्ही चौकटीत टाकल्या: अचानक दिसेनासं होणं, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखं वाटणं, विजेसारखं चमकणं, डोळा लाल होऊन खूप दुखणं, ऑपरेशन झालेल्या डोळ्याची नजर पुन्हा कमी होणं. खाली ओळ: ‘त्याच दिवशी आमच्याकडे किंवा जवळच्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे जा.’

‘कोणत्याही’वर डॉक्टर अडले. माझ्या पैशाने दुसऱ्याची जाहिरात कशाला? तेव्हा मला मेहुण्याला द्यायचं उत्तर सापडलं. भीती दाखवून माणूस फक्त आपल्याच दारात यावा असं वाटत असेल तर तो धंदा. दुसऱ्याकडे गेला तरी चालेल अशी लिहिलेली भीती ही माहिती. ‘आज दुर्लक्ष, उद्या अंधार’च्या खाली ‘कोणत्याही डॉक्टरकडे जा’ असं लिहून बघ म्हणावं त्याला. हात आखडेल. डॉक्टरांनी ती ओळ ठेवली, थोडी कुरकुर करून.

कायद्याचंही सांगतो, कारण हे सगळं नुसतं चांगुलपणाचं नाही. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतल्या आजारांवर औषधाने बरं करतो अशी जाहिरात चालत नाही, त्यात मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह सगळे आहेत, आणि ‘जाहिरात’ या शब्दात पत्रकही येतं. ‘थेंबांनी मोतीबिंदू विरघळवा’वाले तिथे सापडतात. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ चे वर्तणुकीचे नियम आहेत. त्यात पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं गैर मानलंय. दवाखान्याच्या जाहिरातीत नाव, कोणत्या प्रकारचे पेशंट घेतात, सोयी आणि फी, यापलीकडे काही असू नये असं म्हटलंय. आणि पेशंटच्या आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये, कमी करूनही सांगू नये, असं एक कलम आहे. ‘उद्या अंधार’ आणि ‘१००%’ दोन्ही त्याच कलमात बसतात, एक एका टोकाला, एक दुसऱ्या.

लोक येतील का? पहिल्या महिन्यात फोन कमी आले, असं डॉक्टर म्हणाले. आलेले फोन ‘साधी लेन्स कितीला’, ‘शुगर आहे, जमेल का’ असे होते. पुढचं मी मोजलेलं नाही, त्यामुळे सांगत नाही. दर हिवाळ्याला तोच मजकूर छापायला येतात, एवढं खरं. मेहुणा म्हणतो दुसरीकडे छापला तर जास्त चालेल. म्हणू दे.

तुमच्या दातांच्या बाबतीत तुम्हीच करा तेच: प्रत्येक विशेषण खोडा आणि तिथे खुर्चीत बसलेल्या माणसाला काय जाणवेल, किती वेळा यावं लागेल, नंतर काय राहील ते लिहा. मी डॉक्टर नाही की वकील नाही. दातांच्या डॉक्टरांचे नियम वेगळे आहेत, ते छापायला टाकण्याआधी वाचून घ्या, वर दिलेले डॉक्टरांचे नियम जसेच्या तसे तुम्हाला लागू होतील असं धरू नका. आणि सगळ्याच शाब्दिक फुलवण्याच्या मी विरोधात आहे असं नाही, लग्नपत्रिका मी आजही खूप फुलवतो.

टाइप मात्र चौदा पॉइंटच्या खाली नेऊ नका, पांढऱ्यावर काळा ठेवा. वाचणारी माणसं वयस्कर असतात. आत्याने दुसरा डोळा पुढे सरकारी दवाखान्यात मोफत काढून घेतला, आधी पडदा तपासून. त्या डोळ्याने ती नवीन हँडबिलातली मोठी अक्षरं वाचते, आणि फेको म्हणजे काय ते मला विचारते.