टिंबं, उद्गारचिन्हं आणि डॅश: मैत्रिणीला लिहिताना

प्रश्न: "मैत्रिणीने घरी बोलावलं तेव्हा मी लिहिलं, 'हो... येते... थोडा उशीर होईल...' तिला वाटलं, मी नाइलाजाने येतेय. तेव्हापासून सगळीकडे !!! टाकते, तर नणंद म्हणते ओरडतेस कशाला. आता टिंबांऐवजी डॅश वापरू का? नेमकं काय करायचं?"

उत्तर:

तुमचा मेसेज वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी भाषेची जाणकार वगैरे नाही. वर्षानुवर्षं नातेवाइकांचे आणि सोसायटीचे ग्रुप सांभाळते, तेवढाच अनुभव.

टिंबांपासून सुरू करते. तीन टिंबांचा अर्थ वाक्य अर्धं सोडलं, एवढाच. उरलेलं वाचणारी पुरं करते आणि ती ते तिच्या त्या वेळच्या मनःस्थितीप्रमाणे करते. तुमच्या 'हो...' पुढे तिने 'पण मनापासून नाही' असं भरलं. 'उशीर होईल...' पुढे 'कदाचित येणारही नाही'. तुम्ही मात्र टिंबं श्वास घ्यायला टाकली होती, जशी आपली आधीची पिढी पत्रात दोन वाक्यांच्या मध्ये टाकायची. तिथे वाचणाऱ्याला सवय होती, कुणी काही गैर समजत नसे. फोनवर प्रत्येक मेसेज आधीच वेगळा पडतो, मग टिंबांना श्वासाचं काम उरतच नाही, उरतो तो फक्त आढेवेढे घेण्याचा अर्थ. 'बघू' हा तर मराठीत मुळातच अर्धा नकार. 'बघू...' म्हणजे पुरा नकार, असं माझं तरी मत.

टिंबं चालतात कुठे? वाक्य खरंच अर्धं सोडायचं असेल आणि समोरच्याने ते पुरं करावं असं वाटत असेल तिथे. 'परवा तुझी ती काकू भेटली आणि तिने विचारलं...' असं लिहून गंमत ताणायची असेल तर खुशाल टाका. तीनच, शब्दाला चिकटून. सहा-सात टिंबांनी ताण वाढत नाही, फक्त तुम्ही टाइप करताना झोपलात असं वाटतं.

आता उद्गारचिन्ह. शाळेत शिकवतात ते इथे खरंच उपयोगी आहे: वा, अरेरे, शाब्बास, अय्या अशा शब्दांनंतर ते शोभतं. 'अय्या! कधी ठरलं?' मस्त. पण आज्ञार्थी क्रियापदाला लावलं की मराठीत ते हुकूम होतं. 'फोन कर!' वाचून पहा. आई रागावली तर असंच म्हणेल. 'घरी ये!!!' तर त्याहून वाईट, घरी काहीतरी झालंय की काय असं वाटतं. तुमच्या नणंदेचं त्यामुळे फारसं चुकलेलं नाही. (तिला हे दाखवू नका.)

मग आपुलकी कुठून आणायची? मला वाटतं, मराठीत ती चिन्हांत नाहीच, ती ना, हं, गं, रे, की, बरं का यांत आहे. 'ये' कोरडं, 'ये!' हुकूम, 'ये ना' आग्रह, 'ये हं' प्रेमाची आठवण, 'ये की गं' म्हणजे तू आली नाहीस तर मी रुसणार. एवढं सगळं बोलताना आपसूक येतं आणि टाइप करताना आपण नेमकं तेच गाळतो. मग मेसेज कोरडा दिसतो म्हणून त्यावर उद्गारचिन्हं ओतायची. तुमचाच मेसेज मी असा लिहीन: 'हो गं, येते. थोडा उशीर होईल हं, तुम्ही जेवायला सुरुवात करा.' एकही टिंब नाही, एकही उद्गार नाही, आणि तुम्ही नाइलाजाने येताय असं कुणी म्हणणार नाही. शेवटच्या अर्ध्या वाक्याने काम केलंय, कारण त्यात त्यांची काळजी आहे.

अपवाद शुभेच्छांचा. वाढदिवसाला एक उद्गारचिन्ह हवंच, नाहीतर नोटीस वाटते. पण 'भावपूर्ण श्रद्धांजली!' लिहिणाऱ्यांनी कृपया थांबा. दर महिन्याला एखाद्या ग्रुपवर ते दिसतं आणि दर वेळी जीव चडफडतो. तिथे पूर्णविराम पुरे.

डॅशबद्दल मी जरा कडक आहे, त्याला कारण आहे. आईची पंचाहत्तरी ११ डिसेंबरला करायची होती. एका हॉलच्या ऑफिसातले गृहस्थ ओळखीचे, बोलायला अगदी गोड. त्यांचा मेसेज आला: '१०-१२ हॉल रिकामा आहे... आगाऊ रक्कम भरून टाका... नक्की या!!' आम्ही वाचलं दहा ते बारा, म्हणजे ११ त्यात आलीच. पैसे भरले, पावती घेतली, आमंत्रणं गेली. कार्यक्रमाच्या तोंडावर कळलं की ११ कधीच दुसऱ्या कुणाला दिली होती. त्यांना म्हणायचं होतं १० आणि १२. पावतीवरही तेच '१०-१२', म्हणून भांडायला जागा नाही. वर ते म्हणाले, 'मी टिंबं दिली होती ना, म्हणजे बोलणं बाकी होतं.' आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. नियम. शेवटी १२ ला केलं, आणि आईची धाकटी बहीण येऊ शकली नाही, तिचं तिकीट ११ च्या हिशेबाने होतं. आई अजून ते बोलून दाखवते.

त्या एका आडव्या रेघेचे किती अर्थ होतात पहा. १० ते १२ तारीख, १० आणि १२ तारीख, सकाळी दहा ते बारा, किंवा सरळ दहा डिसेंबर. म्हणून आकड्यांच्या मध्ये रेघ नको. 'ते', 'आणि', 'किंवा' हे छोटेच शब्द आहेत, लिहा. अक्षरांत 'दहा-बारा जण येतील' चालतं, तिथे अंदाज आहे हे सगळ्यांना कळतं. 'शनिवार-रविवार येते' मात्र नको. दोन्ही दिवस की दोन्हींपैकी एक, यावर पाहुण्यांचं जेवण ठरतं.

तुमच्या प्रश्नातला डॅश वेगळा, टिंबांच्या जागी टाकायचा. छापील पुस्तकात लांब रेघ, अपसारण चिन्ह, खुलासा करायला येतं: 'एकच आण — तुझं लिंबाचं लोणचं.' हे छान दिसतं. पण फोनवर आपण संयोगचिन्हाची आखूड रेघ चिकटवून टाकतो आणि 'येते-पण उशीर होईल' असा जोडशब्दासारखा काहीतरी प्रकार होतो. लांब रेघ हवी असेल तर बहुतेक कीबोर्डांवर आखूड रेघेची कळ दाबून धरली की मिळते. मी स्वतः तो खटाटोप करत नाही. स्वल्पविराम किंवा नवं वाक्य, झालं. टिंबांच्या जागी सरसकट डॅश टाकलेत तर मैत्रिणीला 'नाइलाज' ऐवजी 'घाई' दिसेल, एवढाच फरक.

जाता जाता एक: मेसेजखाली '- मावशी' अशी सही करणाऱ्यांनी पाठवल्यावर बघा. व्हॉट्सअ‍ॅप ओळीच्या सुरुवातीची रेघ आणि मोकळी जागा बघून त्याची यादी करतं, माझ्या फोनवर तरी. रेघेचा गोल ठिपका होतो आणि मावशी सामानाच्या यादीत जाते. नुसतं 'मावशी' लिहा.