सॉर्टिंगच्या स्लाइड कळत नसतील तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घ्या

*प्रश्न: पहिल्या वर्षाच्या मुलांना सॉर्टिंगच्या स्लाइड दाखवल्या की O(n²) आणि O(n log n) डोक्यावरून जातं. रोजच्या उदाहरणातून कसं समजवावं?*

स्लाइड लावण्याआधी मुलांच्या हातात उत्तरपत्रिका द्या आणि रोल नंबरप्रमाणे लावायला सांगा. मोजायचं एवढंच, की दोन नंबरांची तुलना किती वेळा झाली.

आधी पाचच पेपर घ्या: ७, ३, ९, १, ५. एकेक पेपर उचलायचा आणि लावून झालेल्या पेपरांत शेवटाकडून मागे येत त्याची जागा शोधायची. ३ ची ७ शी तुलना झाली, ही एक. ९ ची फक्त ७ शी, दुसरी. १ ला मात्र ९, ७, ३ तिघांनाही ओलांडावं लागतं, आणि ५ ला ९, ७ ओलांडून ३ पाशी थांबायचं असतं. म्हणजे आणखी तीन आणि तीन, एकूण आठ. हाच इन्सर्शन सॉर्ट.

आता विचारा, ६० पेपर नेमके उलटे लागलेले असले तर? १ + २ + … + ५९, म्हणजे १७७० तुलना. १२० पेपरांना ७१४०. पेपर दुप्पट झाले, काम जवळपास चौपट झालं. ही बेरीज मुलांनाच करू द्या. N² तिथेच उलगडतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो: दोन लूप दिसले की n². गठ्ठा आधीच क्रमाने असेल तर आतला लूप पहिल्याच तुलनेला थांबतो आणि ६० पेपर ५९ तुलनांत संपतात. स्लाइडवरचा ‘बेस्ट केस O(n)’ तो हाच.

मर्ज सॉर्टला त्याच गठ्ठ्याचे अर्धे-अर्धे भाग करत एकेका पेपरापर्यंत या. परत जोडताना लावलेल्या दोन गठ्ठ्यांचे फक्त वरचे पेपर बघायचे आणि लहान नंबर बाजूला ठेवायचा. एका तुलनेत एक पेपर जागेवर जातो, म्हणून सगळे ६० पेपर एकदा जोडायला ६० पेक्षा कमी तुलना लागतात. अशा फेऱ्या सहा, कारण ६० सहा वेळा निम्मे केले की एकेक पेपर उरतो. म्हणजे ३६० च्या आत काम झालं. १२० पेपरांना फक्त एक फेरी वाढते. log n म्हणजे या फेऱ्या, आणि वर्गात सर्वात जास्त वेळ इथेच द्यावा असं माझं ठाम मत आहे.

मर्जला जोडलेला गठ्ठा ठेवायला वेगळी जागा लागते, हेही बाकावर आपोआप दिसतं. शिवाय पाच-दहा पेपरांसाठी एवढी वाटणी करण्यापेक्षा इन्सर्शनच सोयीचा. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी लिहिलेला टिमसॉर्टसुद्धा छोटे तुकडे इन्सर्शनने लावतो आणि मग ते मर्ज करतो.

प्रॅक्टिकलला सेकंद मोजायला लावू नका, ते मशीनप्रमाणे बदलतात. इन्सर्शन सॉर्टच्या तुलनेपाशी काउंटर ठेवा आणि पिसलेली १००० आणि मग २००० आकड्यांची यादी द्या: काउंटर साधारण अडीच लाखांवरून दहा लाखांवर जाईल.