परवानगी न मागणारा खेळ

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी अँड्रॉइड टॅबवर मोफत रंगभरणाचे खेळ खेळते. परवानग्या तपासल्या तर कॅमेरा, माइक, लोकेशन काहीच मागितलेले नाही. मग खेळ सुरक्षित समजायचा का? जास्त माहिती गोळा करणारा खेळ कसा ओळखायचा?

उत्तर : नाही, समजायचा नाही. हाच युक्तिवाद माझा थोरला भाऊ दर दिवाळीला करतो आणि दर दिवाळीला आमचा वाद होतो, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे. मी पुण्यात मोबाइल अ‍ॅपची चाचणी करण्याचे काम करते. तो व्यापारी आहे, पण ठामपणाच्या बाबतीत माझ्या चार पावले पुढे.

अँड्रॉइड आपल्याला खिडकी उघडून विचारते ते फक्त तिच्या दृष्टीने धोकादायक असलेल्या परवानग्यांबद्दल : कॅमेरा, माइक, लोकेशन, संपर्कयादी आणि असेच काही. इंटरनेट वापरण्याची परवानगी ‘सामान्य’ गटात मोडते आणि खेळ उतरवताक्षणी, कोणालाही न विचारता मिळते. जाहिरातींचे जाळे चालवणाऱ्याला सहा वर्षांच्या मुलीच्या टॅबमधली संपर्कयादी घेऊन काय करायचे आहे? त्याला हवी असते एकच गोष्ट : हा तोच टॅब आहे हे पुन्हा पुन्हा ओळखता येईल अशी खूण. ती खूण म्हणजे जाहिरात-ओळखक्रमांक. तो एका टॅबवरच्या सगळ्या खेळांना सारखाच दिसतो, म्हणून सकाळी रंग भरणारी, दुपारी कोडे सोडवणारी आणि रात्री केक सजवणारी मुलगी एकच आहे हे तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या खेळांतून एकाच ठिकाणी जुळवता येते. यासाठी परवानगीची एकही खिडकी उघडावी लागत नाही.

गेल्या दिवाळीत नाशिकला भावाकडे गेले असताना भाची टॅबवर असाच एक रंगभरणाचा खेळ खेळत होती. खेळाचे नाव लिहीत नाही. दादाने टॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानग्यांचे पान माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, “बघ, एकसुद्धा परवानगी घेतलेली नाही. तुमचा धंदाच लोकांना घाबरवायचा आहे.” त्या पानावर खरोखरच काही नव्हते, कारण ते पान फक्त खिडकी उघडून मागितलेल्या परवानग्या ठळकपणे दाखवते. मी त्याला प्ले स्टोअरवर त्या खेळाचे पान उघडायला लावले. तिथे “About this app” मध्ये अगदी तळाशी “App permissions” असते, आणि न विचारता मिळालेल्या परवानग्या तिथे दिसतात. त्यानंतर एक्सोडस प्रायव्हसी या फ्रेंच ना-नफा संस्थेच्या संकेतस्थळावर त्याच खेळाचा अहवाल शोधला. ही संस्था अ‍ॅपची फाइल उघडून तिच्यातल्या परवानग्या आणि माग काढणाऱ्या तयार कोडच्या खुणा मोजते. अहवालात परवानग्यांची मूळ नावे असतात, आणि आमच्या कामाच्या ओळी या दोन होत्या :

```
android.permission.INTERNET
com.google.android.gms.permission.AD_ID
```

दुसरी ओळ वाचायला शिकलात तर तुमचे निम्मे काम झाले. अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी बांधलेल्या अ‍ॅपला जाहिरात-ओळखक्रमांक वाचायचा असेल, तर ही परवानगी जाहीर करावीच लागते. आणि ज्या अ‍ॅपचे प्रेक्षक फक्त मुले आहेत त्याने ती मागू नये, असे गुगलचेच कुटुंबविषयक धोरण सांगते. म्हणजे फक्त लहान मुलांचा म्हणवणाऱ्या नव्या खेळात ही ओळ दिसली, तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

पाणी मुरवणारा प्रत्येक वेळी लबाडच असतो असे नाही, हे मी माझ्या कामातून सांगू शकते. जाहिराती दाखवण्यासाठी निर्माते स्वतः कोड लिहीत नाहीत, जाहिरात कंपनीचा तयार संच खेळात जोडतात. अशा संचाची स्वतःची परवानगी-यादी असते आणि खेळ बांधताना ती खेळाच्या यादीत आपोआप मिसळते. गुगलच्या जाहिरात-संचातूनही AD_ID अशीच आत येते. ती नको असेल तर निर्मात्याने आपल्या यादीत मुद्दाम एक ओळ लिहावी लागते :

```xml
<uses-permission
  android:name="com.google.android.gms.permission.AD_ID"
  tools:node="remove" />
```

एवढी एक ओळ. मुलांसाठी खेळ विकणाऱ्याला ती लिहायचे सुचत नसेल, तर त्याच्या बाकीच्या काळजीबद्दलही मला शंका येते. अनेक निर्मात्यांना आपल्या खेळातून काय बाहेर जाते हे खरेच ठाऊक नसते. पण त्या अज्ञानाचा भार मुलीने का उचलावा?

आता प्ले स्टोअरवर त्याच खेळाचा “Data safety” हा रकाना पाहिला. तिथे तिसऱ्या पक्षाला माहिती दिली जात नाही असे लिहिले होते, आणि गोळा केलेल्या माहितीत “Device or other IDs” नव्हतेच. दादा म्हणाला, “गुगलने लिहिलंय.” गुगलने लिहिलेले नव्हते. तो रकाना निर्माता स्वतः भरतो. शिवाय निर्मात्याच्या वतीने काम करणाऱ्या सेवादाराला दिलेली माहिती गुगलच्या व्याख्येत ‘दिली’ यात मोजलीच जात नाही. म्हणून तो रकाना एकटा वाचायचा नसतो, परवानग्यांशी ताडून वाचायचा असतो. एकीकडे AD_ID आणि जाहिरात-संचांची रांग, दुसरीकडे ओळखक्रमांक गोळा होत नाही हा दावा : या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. जास्त माहिती घेणारा खेळ ओळखण्याची माझी पहिली कसोटी हीच विसंगती आहे. परवानग्यांची संख्या नव्हे.

शेवटी तोच खेळ मी माझ्या फोनवर उतरवला आणि खासगीपणा जपणारे शोधयंत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डकडकगोच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधले “App Tracking Protection” सुरू केले. ते फोनमध्येच स्थानिक व्हीपीएन, म्हणजे अ‍ॅपचा बाहेरचा संपर्क जिच्यातून जातो अशी वाट, उभारते आणि कोणत्या अ‍ॅपने कोणत्या माग काढणाऱ्या कंपनीशी संपर्क साधायचा प्रयत्न केला हे दाखवते. खेळ उघडल्यावर आधी जन्मवर्ष विचारणारा पडदा आला. मोठे आणि मुले दोघांसाठी असलेल्या अ‍ॅपने असा पडदा ठेवून मुलांसाठी वेगळी वागणूक द्यावी, अशी अपेक्षा असते. दादाला तेवढ्यावरच समाधान वाटले : “वय विचारतात, म्हणजे काळजी घेतात.” मी वर्षाला हातही लावला नव्हता, तोवर डकडकगोच्या यादीत दोन जाहिरात कंपन्यांची नावे उमटली होती. म्हणजे संच आधी जागे झाले आणि वय नंतर विचारले गेले. भाचीचे उत्तर तर आणखी मजेशीर होते. तिला चाक फिरवायला आवडते, म्हणून तिने ते जोरात फिरवून १९६३ वर आणून ठेवले होते. त्या खेळाच्या लेखी ती साठीच्या पुढची बाई होती.

यावर दादाने हुकमी वाक्य टाकले, की आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे, आणि लोकेशन तर घेतलेलेच नाही. म्हणून त्याला इनमोबी या मूळच्या भारतीय जाहिरात कंपनीचे प्रकरण सांगितले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये तिच्यावर कारवाई केली, कारण वापरकर्त्याने लोकेशन नाकारले तरी तिचा संच जवळच्या वाय-फाय जाळ्यांच्या ओळखीवरून ठिकाण काढत होता, आणि हे मुलांच्या अ‍ॅपमध्येही चालले होते. चाळीस लाख डॉलर दंड ठरला, कंपनीची आर्थिक स्थिती पाहून साडेनऊ लाखांवर आला. ती माहिती वाय-फायची स्थिती पाहण्याच्या साध्या परवानगीतून जात होती, लोकेशनच्या नव्हे. अँड्रॉइड ९ पासून जोडलेल्या वाय-फायची ओळख वाचायलाही लोकेशनची परवानगी लागते, त्यामुळे ती वाट बरीच बुजली आहे. तरीही रंगभरणाच्या खेळात ACCESS_WIFI_STATE दिसले तर मी अजून भुवई उंचावते, कारण चित्रात पोपट हिरवा करायला वाय-फायची स्थिती लागत नाही.

लपवण्यासारखे काय, या प्रश्नाला माझे उत्तर वेगळे आहे. ज्या गोष्टीचा कायदा विचार करतो ती क्षुल्लक नसते. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांच्या ऑनलाइन खासगीपणासाठीच्या कोपा नियमात २०१३ पासून असा कायमचा ओळखक्रमांक वैयक्तिक माहितीत मोडतो. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये १८ वर्षांखालच्यांचा माग काढण्यावर आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर बंदी आहे. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा आज त्याच्या जोरावर फार काही हाती लागणार नाही. दादाला हे पटले नाही. वहिनीला पटले, आणि टॅब तिच्या ताब्यात असतो.

काही गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. एक्सोडसचा अहवाल कोड आत आहे एवढेच सांगतो, तो चालतो की नाही हे सांगत नाही. शिवाय अहवाल जुन्या आवृत्तीचा असू शकतो, म्हणून आवृत्ती क्रमांक जुळवून पाहा. डकडकगोलाही त्याच्या यादीतल्या कंपन्याच ओळखता येतात, आणि मूळ निर्मात्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर जे जाते ते तिथे दिसेलच असे नाही. खेळ कोसळला की त्याची नोंद पाठवणारा संचही अहवालात मागकर्ता म्हणून मोजला जातो. तेवढ्या एकट्यासाठी मी खेळ काढणार नाही. तीन-चार जाहिरात-संच एकाच चिमुकल्या खेळात असतील तर मात्र काढीन. मी लिहिले ते सगळे अँड्रॉइडचे आहे.

टॅबच्या सेटिंगमध्ये गुगलच्या “Ads” खाली जाऊन “Delete advertising ID” दाबा. त्यानंतर खेळांना त्या क्रमांकाच्या जागी नुसती शून्ये मिळतात. दुसऱ्या खुणांवरून ओळखण्याचे प्रयत्न त्याने थांबत नाहीत, पण सर्वांत सोपी खूण जाते. आणि इंटरनेट बंद करून रंगभरण नीट चालते का ते पाहा. चालत असेल, तर ते जोडणीविनाच खेळू द्या.