डब्यावरची एक ओळ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

नारळवडीच्या डब्यावर छापायच्या ओळीचे तुझे तिन्ही मसुदे पाहिले. सोबत लिहिलं होतंस, 'गाण्याची मजा एका ओळीत येतच नाहीये, काय टाकू आणि काय ठेवू तेच कळत नाही.' अगं, तुझ्याच मसुद्यांत उत्तर आहे. तिन्हींतून तू नेमकं तेच काढून टाकलंयस जे ठेवायला हवं होतं.

आधी गाणं समोर ठेवू. तू पाठवलेला पाठ असा:

दिन दिन दिवाळी, गाई म्हशी ओवाळी
गाई म्हशी कोणाच्या? लक्ष्मणाच्या
लक्ष्मण कुणाचा? आईबापाचा
दे माई खोबऱ्याची वाटी
वाघाच्या पाठीत घालीन काठी

अक्षरं मोजलीस का? 56 भरतात. पाव किलो नारळवडीच्या डब्याच्या झाकणावर दुकानाचं नाव, मिठाईचं नाव आणि हिरवा ठिपका बसवल्यावर ओळीला जी पट्टी उरते, तिच्यात दहाबारा अक्षरं सुखाने बसतात. पंधरा कोंबता येतील, पण मग ती वाचायची नाहीत, नुसती बघायची.

आता तुझे मसुदे. पहिला: 'दीपोत्सवाचा स्नेहमय गोडवा'. यावर मी काही बोलत नाही. दुसरा: 'दिन दिन दिवाळी, खोबऱ्याची वाटी'. गाण्याचं डोकं आणि पाय एकत्र शिवलेस, मधलं धड गायब. तिसरा: 'दिन दिन दिवाळी, गोडवा ओवाळी'. हा तुझा लाडका दिसतो, कारण यमक जमलंय. पण ओवाळतंय कोण? मूळ गाण्यात गाई-म्हशी ओवाळायच्या आहेत. वसुबारसेच्या संध्याकाळी गोठ्यात निरांजन फिरतं, ते डोळ्यांसमोर दिसतं. गोडवा कुणी ओवाळत नाही, तो ओवाळताही येत नाही. यमक वाचवायला तू क्रियापदाचं कामच काढून घेतलंस आणि त्याला नुसतं शोभेला उभं केलंस.

म्हणून सांगतो, क्रियापद सोडू नकोस. यमक गेलं तरी चालेल, लक्ष्मण गेला तरी चालेल, दिवाळी हा शब्द गेला तरीही चालेल (डब्यावर पणत्या असतातच). क्रियापद गेलं की ओळ कुणी कुणाला म्हणतच नाही, ती नुसती चिकटवलेली असते.

सणाची आपली वचनं आठव. दसऱ्याला 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा'. संक्रांतीला 'तिळगुळ घ्या, गोड गोड बोला'. सगळ्यांत कुणीतरी कुणाला तरी काहीतरी करायला सांगतंय. हातावर तिळगुळ ठेवताना माणूस समोरच्याला आज्ञा करतो, आणि त्या आज्ञेतच प्रेम आहे. 'मधुर वाणीचा तिळगुळ' असं म्हणून बघ. तोंड वाकडं होईल.

मला माहीत आहे, तुला कुणीतरी शिकवलंय की लेबलवर क्रियापद जड होतं, नाम ठेवावं, सुटसुटीत दिसतं. मलाही हे पुष्कळांनी ऐकवलंय. एका मिठाईवाल्यासाठी तिळाच्या लाडवांचा डबा केला होता. पोरंसोरं म्हणतात ना, 'आमचा तिळगुळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका', त्यातून मी 'सांडू नका, भांडू नका' एवढंच काढलं होतं. आठ अक्षरं, यमक शाबूत, दोन्ही क्रियापदं जागेवर. शिवाय लाडू खरोखरच सांडतात. मालक म्हणाले, सणाच्या डब्यावर 'नका' नको, अशुभ वाटतं. मी म्हटलं, आजवर सगळा महाराष्ट्र हे म्हणत लाडू वाटतोय, कुणाचं काय अशुभ झालं? त्यांना 'गोडवा नात्यांचा' हवं होतं. मी मसुदा उचलला आणि बाहेर पडलो. पुढची कामंही गेली. घरात अजून ऐकून घेतो की दोन शब्दांसाठी एवढं ताणायचं नसतं. माझं म्हणणं आजही तेच आहे: दोनच शब्द होते म्हणून ताणलं. दोनशे असते तर सोडून दिलं असतं. रुखरुख एकच, तो डबा कुणाच्या हातात बघायला मिळाला नाही.

असो. तुझ्या डब्याकडे येऊ.

गाण्यात क्रियापदं कुठे आहेत ते शोध. 'ओवाळी' पहिल्या ओळीत. मग दोन ओळी क्रियापदच नाही, नुसती प्रश्नोत्तरं. आणि शेवटच्या जोडीत 'दे' आणि 'घालीन'. गाण्याचा जीव या शेवटच्या जोडीत आहे. सगळे पहिली ओळ उचलतात, कारण ती ओळखीची. पण गाणं म्हणणारा गुराखी कशाला आलाय दारात? खोबऱ्याची वाटी मागायला. आणि फुकट मागत नाही तो. तू वाटी दे, मी तुझ्या गाईंवर येणाऱ्या वाघाच्या पाठीत काठी घालीन. सरळ सौदा आहे हा. आधीची सगळी प्रश्नोत्तरं म्हणजे दारात उभं राहून मालकिणीला खूश करणं.

नारळवडीच्या डब्यासाठी याहून चांगली ओळ तुला कुठे मिळणार? खोबरं मागणारं गाणं आणि खोबऱ्याची मिठाई! पेढ्याच्या डब्याला मी हे गाणं दिलं नसतं. वसुबारसेचा उपास करणाऱ्या बायका त्या दिवशी दूधतूप खात नाहीत. गाईचं गाणं लावून दुधाची मिठाई पुढे करायची, हे जाणत्या घरात खटकतं. तुझ्या वडीत खवा नाही, नुसतं खोबरं आणि साखर आहे ना, ते दुकानात विचारून घे.

आता आवळू. 'दे माई खोबऱ्याची वाटी' ही नऊ अक्षरं. एवढीच ओळ ठेवली तर मागणी आहे, मोबदला नाही, आणि वाघही गेला. वाघ घालवायचा नाही, डबा हातात घेणारं पोर त्याच्यासाठीच ओळ वाचणार आहे. दुसरी ओळ अकरा अक्षरांची, 'वाघाच्या पाठीत घालीन काठी'. दोन्ही मिळून वीस, म्हणजे दुप्पट. मग प्रत्येक ओळीतून असं काय काढता येईल जे डब्यावर दुसरीकडे आहेच किंवा ऐकणारा आपणहून भरून घेईल? 'खोबऱ्याची' निघतं, कारण खाली ठसठशीत 'नारळवडी' लिहिलंय. 'पाठीत' निघतं, वाघाला काठी म्हटल्यावर ती कुठे बसायची ते कळतं. 'घालीन'ही निघतं. थांब, ओरडू नकोस. क्रियापद सोडू नकोस म्हणणारा मीच आहे. पण 'दे' हलवत नाही, आणि ते 'दे' दोन्ही बाजूंचं वजन उचलतं:

दे माई वाटी, वाघाला काठी

पाच आणि पाच. दहा अक्षरं. वाटी-काठी हे गाण्याचंच यमक, ते आपोआप आलं, त्यासाठी काही विकावं लागलं नाही. उलट करून बघ, 'घालीन' ठेव आणि 'दे' काढ: 'खोबऱ्याची वाटी, वाघाला घालीन काठी'. आता मागणारा कुठे गेला? 'माई' कुठे गेली? नुसता वाघ मारायची बढाई उरली. एकच क्रियापद परवडत असेल तर समोरच्याला उद्देशून असलेलं ठेवायचं.

आणखी एक तपासणी कर. डबा घरी आल्यावर ओळ कुणाच्या तोंडी बसते? टेबलावर डबा आहे, आई झाकण उघडतेय, पोर शेजारी उभं आहे. 'दे माई वाटी' ते म्हणू शकतं. 'दीपोत्सवाचा स्नेहमय गोडवा' त्या घरात कोण म्हणणार आहे? ती दुकानदाराने गिऱ्हाइकाला म्हटलेली ओळ आहे, आणि गिऱ्हाईक ती वाचत नाही.

'खोबऱ्याची' गेल्याने आणखी एक कटकट गेली, ती तुझ्या मसुद्यातच दिसली मला. दुसऱ्या मसुद्यात 'खोबर्याची' छापून आलंय, य च्या डोक्यावर रफार. साधा र टाइप केला की असंच होतं. खोबऱ्या, दऱ्या, वाऱ्या यांना नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, तेव्हा तो आडवा अर्धा र येतो. आणि तुझ्या प्रेसमध्ये जुना फाँट असेल तर फाइल उघडल्यावर तोही बिघडू शकतो. डब्यावरच्या बाकीच्या मजकुरात असे शब्द येणारच आहेत, म्हणून सवय लाव, आणि फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्हजमध्ये बदलून दे.

तिसऱ्या मसुद्यात ओळ लांब दिसावी म्हणून तू अक्षरांमधलं अंतर वाढवलंयस. रोमन अक्षरांना ते चालतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, 'वा घा ला' असं बाराखडी शिकवल्यासारखं दिसतं. ओळ छोटी झाली तर अक्षर मोठं कर, अंतर नको. सोनेरी फॉइल मारणार असाल तर फाँट जाडसर आणि पोकळ्या मोकळ्या असलेला घे. बारीक फाँटमध्ये 'घ' आणि 'ठी'ची पोटं फॉइलने भरतात आणि 'वाघाला'चं 'वाधाला' होतं. पडद्यावर मोठं करून बघू नकोस. खऱ्या मापात छापून घे, हात लांब करून धर आणि कुणालातरी मोठ्याने वाचायला सांग. अडखळला तर फाँट बदल, ओळ नको.

मालक लक्ष्मणासाठी अडून बसतील, तू लिहिलंसच तसं. त्यांना सांग की ती प्रश्नोत्तरं आहेत, दोन आवाज लागतात, एका ओळीत दोन आवाज मावत नाहीत. तरीही ऐकलं नाही तर झाकणाच्या आत अख्खं गाणं छापू असं मात्र सुचवू नकोस. छापील बाजू मिठाईला लागता कामा नये, तसा नियमच आहे. त्यापेक्षा डब्याच्या बाजू वापर. एका बाजूला 'गाई म्हशी कोणाच्या?', डबा फिरवला की 'लक्ष्मणाच्या', पुन्हा फिरवला की 'लक्ष्मण कुणाचा?'. चौथी बाजू घटकपदार्थ, वजन, किंमत आणि परवाना क्रमांकासाठी लागेल, म्हणून 'आईबापाचा' तिसरीवरच बारीक अक्षरात उलटं छाप, कोड्याच्या उत्तरासारखं. मालकांना लक्ष्मण मिळेल, पोरांना खेळ मिळेल. झाकणाला मात्र हात लावू देऊ नकोस.

तुझा,
काका

ता. क. स्वल्पविराम ठेव. 'वाटी' आणि 'वाघाला' यांच्यामध्ये श्वास हवा. डिझायनर लोक तो पहिला उडवतात.