खेळ बंद केला, पण स्टेटमेंट राहिलं

"दादा, मी दारव्ह्याजवळच्या गावचा. यूकेला एमएससीसाठी एज्युकेशन लोन काढायचंय. वर्षभर रमीत पैसे घातले, दोन ॲपवरून कर्जही घेतलं. सिबिलवर हे दिसेल का?"

खेळ दिसणार नाही, कर्ज दिसेल. सिबिलच्या रिपोर्टात कुठे खर्च केला हे नसतं. कर्ज, हप्त्यांतला उशीर आणि कर्जासाठी केलेली चौकशी असते. खेळाच्या नोंदी बँक स्टेटमेंटमध्ये सापडतात, आणि ते मॅनेजर मागतोच.

माझंही असंच झालं होतं. 12 हजारांचं ॲप-कर्ज थकलं. वसुलीवाल्याने फोनवर सांगितलं, "8 हजार भरा, सेटल करतो." मी भरले आणि सुटलो असं समजलो. रिपोर्टात मात्र त्या खात्यापुढे 'Settled' आलं. म्हणजे पूर्ण फेड झाली नाही, कर्ज देणाऱ्याने तोटा सोसला. शाखेत मॅनेजरने स्टेटमेंटवर पेनाने गोल केले: रात्री दीडला 500, दहा मिनिटांनी 500, मग 200. "हे पैसे कशाचे?" बाबा शेजारी बसले होते. अर्ज परत आला.

मग मी राहिलेले 4 हजार भरले, कंपनीकडून एनओसी घेतली आणि खातं 'Closed' करवून घेतलं. उशिराच्या नोंदी लगेच पुसल्या जात नाहीत, रिपोर्टात 36 महिन्यांचा हप्त्यांचा इतिहास दिसतो. म्हणून तू सेटलमेंट घेऊ नको, पूर्ण रक्कम भर. फुकट रिपोर्ट वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून मिळतो, तो आजच काढ. चूक असेल तर तक्रार कर, 30 दिवसांत निपटारा व्हायला हवा.

त्यानंतर वर्षभर स्टेटमेंट स्वच्छ ठेव. आता 2025च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद आहेत, त्यामुळे यापुढची एक नोंदही जास्त खटकेल. नवं खातं उघडून जुनं लपवायच्या भानगडीत पडू नको. पीडीएफमध्ये खोडाखोड तर मुळीच नको, ती फसवणूक ठरते. मॅनेजरने विचारलं तर सरळ सांग: केव्हा खेळलो, केव्हा सोडलं, कर्ज कसं फेडलं.

बाबा सहकर्जदार असतील तर त्यांचाही रिपोर्ट पाहा. आपल्याकडे पीक कर्ज थकलेलं असतं आणि घरात कुणाला ते आठवतही नाही. ॲपचं कर्ज तू त्यांच्या फोनवरून, त्यांच्या पॅनवर काढलं असशील तर आधी तेच फेड.

एकाच वेळी पाच बँकांत अर्ज टाकू नको, प्रत्येक चौकशी नोंदली जाते. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही. त्याहून जास्त असेल तर साधारणपणे घराचे कागद मागतात, म्हणजे तुझ्या रात्रीच्या खेळाचा हिशेब बाबांच्या घरापर्यंत पोचतो.

इथे यूकेत आल्यावर भारतातला स्कोअर सोबत येत नाही, नव्याने सुरुवात होते. पण घरासाठी कर्ज काढताना इथेही स्टेटमेंट मागतात.